दोलन नेमके कधी थांबते? कोरड्या घर्षणाचा हिशेब

स्प्रिंगला बांधलेला ठोकळा ओढून सोडला की तो मागेपुढे होतो आणि थोड्या वेळाने थांबतो. का थांबला, असे विचारले तर उत्तर ठरलेले असते: घर्षणामुळे. कसा थांबला, असे विचारले तर भौतिकीच्या वर्गात फळ्यावर काढलेले चित्र डोळ्यांपुढे येते. त्यात लाटा लहान लहान होत जातात आणि त्यांच्या माथ्यांना टेकत एक घातांकी वक्ररेषा शून्याकडे झुकत जाते. हे चित्र इतके अंगवळणी पडले आहे की मंदावणाऱ्या प्रत्येक दोलनाचे ते चित्र आहे, असे सर्रास मानले जाते. वास्तविक ते वेगाच्या प्रमाणात वाढणाऱ्या विरोधापुरते खरे आहे. टेबलावर घासत जाणाऱ्या ठोकळ्याला होणारा विरोध वेगाबरोबर असा वाढत नाही.

घातांकी वक्ररेषा शून्याला कधीच पोहोचत नाही. ठोकळा मात्र दोनेक सेकंदांत ठप्प थांबतो, आणि बऱ्याचदा मधोमध थांबत नाही. या विसंगतीवर एक सोयीचे उत्तर दिले जाते: दोलन खरे तर चालूच असते, ते इतके लहान झालेले असते की डोळ्यांना दिसत नाही. तेलात बुडवलेल्या दोलकाबद्दल हे उत्तर पटू शकते. घासणाऱ्या ठोकळ्याबद्दल ते सपशेल चुकीचे आहे.

कोरड्या घर्षणात आयाम दर फेरीला ठराविक रकमेने घटतो, गती मोजता येईल अशा वेळेत संपते, आणि ठोकळा समतोल बिंदूच्या आजूबाजूच्या एका पट्ट्यात कुठेही थांबू शकतो. या तिन्ही गोष्टी एकाच कारणातून निघतात. त्या सिद्ध करायला जड गणितही लागत नाही. सरल आवर्त गती येत असेल आणि ती तुकड्या-तुकड्यांत लावायची तयारी असेल, तर तेवढे पुरते.

१. समीकरण कुठे अडते

शार्ल ऑगस्तीन द कूलोम या फ्रेंच लष्करी अभियंत्याने रोशफोरच्या जहाजबांधणी गोदीत घर्षणाचे प्रयोग केले आणि त्यावरच्या प्रबंधाला १७८१ साली पॅरिसच्या विज्ञान अकादमीचे पारितोषिक मिळाले. घर्षणबल दाबाच्या प्रमाणात असते आणि घसरण्याच्या वेगावर फारसे अवलंबून नसते, हा त्या प्रयोगांतून पक्का झालेला ढोबळ नियम आजही त्याच्या नावाने ओळखला जातो. ठोकळा सावकाश सरको की झपाट्याने, टेबल त्याला जवळपास सारख्याच बलाने अडवते. वेगानुसार बदलते ती या बलाची दिशा. ठोकळा डावीकडे निघाला की घर्षण उजवीकडे, उजवीकडे निघाला की डावीकडे.

ठोकळ्याचे वस्तुमान m, स्प्रिंगचा स्थिरांक k, घर्षणबल F आणि उजवी बाजू धन मानली, तर समीकरण असे होते:

m·a = −k·x − F (उजवीकडे जाताना)
m·a = −k·x + F (डावीकडे जाताना)

पुस्तकांत ही दोन समीकरणे वेगाचे चिन्ह सांगणारे फलन वापरून एका ओळीत लिहितात. त्या फलनाची किंमत वेग शून्यातून जाताना एकदम उणे एकवरून अधिक एकवर उडी मारते, म्हणून समीकरण अरेषीय ठरते, आणि अरेषीय म्हटले की विषय संगणकावर सोपवून पुढे जायची प्रथा आहे. इथे ती प्रथा घाईची आहे. उडी फक्त वळणाच्या क्षणी लागते. एका वळणापासून पुढच्या वळणापर्यंत ठोकळा एकाच दिशेने जात असतो, आणि तेवढ्या काळात F हा निव्वळ स्थिर आकडा असतो.

२. मध्य सरकतो, बाकी काही बदलत नाही

स्प्रिंगवर स्थिर बल लागले तर काय होते, हे प्रत्येक विद्यार्थ्याला ठाऊक असते. स्प्रिंगला वजन टांगले की ती थोडी खाली ताणली जाते आणि वजन त्या नव्या जागेभोवती झुलते. दोलनकाल तोच राहतो, फक्त मध्य सरकतो. टेबलावरचे घर्षणही एका अर्धफेरीपुरते असेच स्थिर बल आहे. ठोकळा डावीकडे जात असताना ते उजवीकडे ढकलते, म्हणून दोलनाचा मध्य मूळ समतोल बिंदूच्या उजवीकडे F/k इतका सरकतो. उजवीकडे जाताना मध्य तितकाच डावीकडे जातो. या सरकण्याला δ म्हणू:

δ = F/k

आता ठोकळा उजवीकडे A इतका ओढून सोडला. तो डावीकडे निघाला, त्याचा मध्य +δ वर आहे. मध्यापासून त्याचे अंतर A − δ. घर्षण या तुकड्यात स्थिर असल्याने गती शुद्ध सरल आवर्त आहे, म्हणून ठोकळा मध्याच्या पलीकडे तितकाच जाऊन थांबेल. म्हणजे तो δ − (A − δ) = −(A − 2δ) या ठिकाणी वळेल. मूळ बिंदूपासून त्याचे अंतर A वरून A − 2δ झाले.

इथून घर्षणाची दिशा उलटते, मध्य −δ वर उडी घेतो आणि तोच हिशेब पुन्हा लागतो. पुढचे वळण A − 4δ वर, त्यापुढचे A − 6δ वर. आयाम कितीही मोठा वा लहान असो, वजाबाकी तीच राहते. शाळेत शिकलेल्या भाषेत ही अंकगणिती श्रेढी आहे, आणि घातांकी घट म्हणजे भूमिती श्रेढी. फळ्यावरच्या चित्रात दुसरी असते, टेबलावर घडते ती पहिली.

वेळेचा हिशेब त्याहून सोपा आहे. प्रत्येक अर्धफेरीला π/ω इतका वेळ लागतो, जिथे ω म्हणजे √(k/m). त्यात F कुठेही नाही. श्यान अवमंदनाने दोलन किंचित संथ होते. कोरड्या घर्षणाने ते तसूभरही संथ होत नाही. शेवटच्या, जेमतेम दिसणाऱ्या अर्धफेरीलाही पहिल्या, मोठ्या अर्धफेरीइतकाच वेळ लागतो.

३. आकडे घालून

अर्धा किलोचा ठोकळा घ्या. स्प्रिंगचा स्थिरांक ५० न्यूटन प्रति मीटर, घर्षणबल ०.५ न्यूटन. घर्षणांक साधारण ०.१ येतो, म्हणजे पृष्ठभाग चांगलाच गुळगुळीत आहे. ω येतो १० रेडियन प्रति सेकंद, अर्धफेरीचा वेळ ०.३१४ सेकंद, आणि δ बरोबर १ सेंटिमीटर. ठोकळा उजवीकडे ९.४ सेंटिमीटर ओढून सोडू.

पहिले वळण डावीकडे ७.४ वर येते. मग उजवीकडे ५.४, डावीकडे ३.४, उजवीकडे १.४. आता ठोकळा उजवीकडे १.४ सेंटिमीटरवर क्षणभर स्थिर आहे. स्प्रिंग त्याला ०.७ न्यूटनने डावीकडे ओढते, घर्षण ०.५ न्यूटनपर्यंतच अडवू शकते, म्हणून तो निघतो. डावीकडे जाताना मध्य +१ वर असल्याने मध्यापासूनचे अंतर फक्त ०.४ आहे. ठोकळा १.४ वरून ०.६ वर येतो आणि वेग शून्य होतो. या जागी स्प्रिंगचा ओढा ०.३ न्यूटन, घर्षणाची ताकद ०.५. ठोकळा पुन्हा हलत नाही.

पाच अर्धफेऱ्या, १.५७ सेकंद, आणि मूळ बिंदूच्या ६ मिलिमीटर उजवीकडे कायमचा मुक्काम. शेवटच्या अर्धफेरीत ठोकळ्याने मूळ बिंदू ओलांडलाच नाही. जिकडून निघाला त्याच बाजूला तो थांबला. घातांकी चित्र डोक्यात असलेल्याला हे विचित्र वाटते, पण सरकलेला मध्य लक्षात ठेवला की यात विचित्र काही उरत नाही.

ज्यांना हे डोळ्यांनी पाहायचे असेल त्यांनी आलेखाचा कागद आणि कंपास घ्यावा. आडव्या अक्षावर स्थान, उभ्या अक्षावर वेग भागिले ω. आडव्या अक्षावर +१ आणि −१ या दोन ठिकाणी टोक रोवायच्या खुणा करायच्या. ९.४ पासून सुरुवात करून टोक +१ वर ठेवून अक्षाखाली अर्धवर्तुळ काढले की ते −७.४ वर अक्षाला मिळते. मग टोक −१ वर नेऊन अक्षाच्या वर अर्धवर्तुळ, ते ५.४ वर उतरते. असे आलटून पालटून पाच अर्धवर्तुळे काढली की पेन्सिल ०.६ वर येऊन पोहोचते, आणि ती जागा दोन खुणांच्या मध्ये असते. तिथून पुढे अर्धवर्तुळ काढायला जागाच नसते. अरेषीय म्हणून बाजूला सारलेल्या समीकरणाची ही अचूक उकल आहे, आणि ती कंपासने निघते.

४. सरळ रेषाच का

मध्य सरकवण्याची युक्ती उत्तर देते, पण घट आयामावर अवलंबून का नाही याचे मूळ कारण ऊर्जेच्या हिशेबात अधिक स्पष्ट दिसते. आयाम A असताना स्प्रिंगमध्ये साठलेली ऊर्जा A च्या वर्गाच्या प्रमाणात असते. एका अर्धफेरीत घर्षण जी ऊर्जा खाते ती म्हणजे बल गुणिले कापलेले अंतर. बल स्थिर आहे, म्हणून हा खर्च फक्त अंतराच्या प्रमाणात आहे. एका वळणाचा आयाम A आणि पुढच्याचा B असेल, तर कापलेले अंतर A + B:

½k(A² − B²) = F(A + B)

डावीकडच्या वर्गांच्या फरकाचे अवयव पाडले की (A − B)(A + B) मिळते आणि दोन्ही बाजूंचा A + B निघून जातो. उरते A − B = 2F/k. मोठ्या फेरीत घर्षण जास्त ऊर्जा खाते हे खरे, पण मोठ्या फेरीत तेवढ्याच सेंटिमीटरमागे ऊर्जाही जास्त भरलेली असते. दोन्ही वाढी नेमक्या एकमेकींना फेडतात. वरच्या उदाहरणात ठोकळा एकंदर १६.८, १२.८, ८.८, ४.८ आणि ०.८ मिळून ४४ सेंटिमीटर घासला. ०.५ न्यूटनने गुणले की ०.२२ जूल. स्प्रिंगमधली ऊर्जा ९.४ पासून ०.६ पर्यंत उतरली, तो फरकही ०.२२ जूलच येतो.

हाच ताळा इतर विरोधांना लावला की घातांकी घटीची खरी जागा कळते. विरोध वेगाच्या प्रमाणात असेल तर मोठ्या फेरीत बलही मोठे असते, खर्च A च्या वर्गाच्या प्रमाणात जातो, म्हणून दर फेरीला ऊर्जेचा ठराविक हिस्सा जातो आणि घातांकी घट मिळते. जोरात झुलणाऱ्या मोठ्या वस्तूला हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात होतो. तिथे खर्च A च्या घनाच्या प्रमाणात असतो, म्हणून आयाम सुरुवातीला भराभर आणि नंतर घातांकी घटीपेक्षाही रेंगाळत उतरतो. तिघांमध्ये घातांकी घट मधली आहे. तिला सर्वसाधारण नियमाचा मान मिळाला त्यामागे तिचे गणित सुटसुटीत असणे, हे मोठे कारण आहे.

५. थांबण्याची अट

आयाम दर फेरीला ठराविक रकमेने घटत असेल तर तो कधीतरी संपणारच, हे उघड आहे. पण थांबणे म्हणजे नुसते आयाम संपणे नव्हे. ठोकळा थांबतो तो वळणाच्या क्षणी, आणि स्प्रिंगचा ओढा घर्षणाच्या पकडीपेक्षा कमी पडला म्हणून. ही अट |x| ≤ δ अशी आहे. मूळ बिंदूच्या दोन्ही बाजूंना δ रुंदीचा पट्टा असतो आणि वळण या पट्ट्यात पडले की खेळ आटोपतो. वेगात असलेला ठोकळा या पट्ट्यातून बिनदिक्कत जातो. पट्टा अडकवतो तो फक्त वळणाऱ्याला.

सुरुवातीचे अंतर किंचित बदलून पाहिले तर या अटीचा एक लक्षणीय परिणाम दिसतो. ८.९ सेंटिमीटरवरून सोडलेला ठोकळा चार अर्धफेऱ्यांनी ०.९ वर पोहोचतो आणि पट्ट्यात असल्याने तिथेच थांबतो. ९.१ वरून सोडलेला चौथ्या वळणाला १.१ वर असतो, म्हणून त्याला पाचवी अर्धफेरी करावी लागते. ती अवघ्या २ मिलिमीटरची असते, पण तिला पूर्ण ०.३१४ सेकंद लागतात, आणि शेवटी तोही ०.९ वरच थांबतो. मुक्कामाची जागा एक, थांबण्याची वेळ वेगळी. म्हणजे सुरुवातीचे अंतर सलग बदलत नेले तरी थांबण्याची वेळ टप्प्याटप्प्याने उड्या मारते.

यातून आणखी खोल गोष्ट निघते. ०.६ वर थांबलेला ठोकळा पाहून तो कुठून सोडला होता हे सांगता येत नाही. ९.४, ५.४ आणि १.४, या तिन्ही ठिकाणांहून सोडलेले ठोकळे तिथेच येतात. वेगाच्या प्रमाणातल्या विरोधात असे घडू शकत नाही. त्या समीकरणाच्या दोन वेगळ्या उकली कधी एकमेकींना मिळत नाहीत, आणि स्तब्धता ही स्वतःच एक उकल असल्याने हलणारा दोलक तिच्याजवळ जात राहतो, तिच्यात विलीन होत नाही. कोरड्या घर्षणात वेग शून्य असताना समीकरणात जी उडी आहे तिने ही बंदी उठवली जाते. मर्यादित वेळेत थांबणे आणि भूतकाळ पुसला जाणे, ही एकाच घटनेची दोन अंगे आहेत.

६. आक्षेप: खरे घर्षण इतके साधे कुठे असते?

पहिला आक्षेप स्थितिक घर्षणाचा. थांबलेल्या वस्तूला हलवायला चालत्या वस्तूपेक्षा जास्त बल लागते, हे सर्वांना माहीत आहे. मग हा हिशेब कोलमडत नाही का? कोलमडत नाही, कारण चालत्या ठोकळ्याला स्थितिक घर्षणाशी देणेघेणे नसते. आयामाची वजाबाकी गतिक घर्षणच ठरवते. स्थितिक घर्षण फक्त वळणाच्या क्षणी विचारात येते आणि थांबण्याचा पट्टा रुंद करते. आपल्या उदाहरणात ते ०.७५ न्यूटन धरले तर पट्टा १.५ सेंटिमीटरचा होतो. चौथे वळण १.४ वर, म्हणजे पट्ट्यातच. ठोकळा पाचवी अर्धफेरी न करता १.२६ सेकंदांनी तिथेच थांबतो. आयामाच्या घटत्या रेषेचा उतार तोच राहिला, ती आधी तुटली इतकेच.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. हवा नेहमीच असते, स्प्रिंगमध्येही थोडा अंतर्गत व्यय असतो, म्हणून निव्वळ कोरडे घर्षण असे कधी नसतेच. हे मान्य करावेच लागते. दोन्ही विरोध एकत्र असतील तर तुकड्यांची पद्धत तशीच चालते. प्रत्येक अर्धफेरी सरकलेल्या मध्याभोवती होते आणि मध्यापासूनचे अंतर q या गुणोत्तराने कमी होते:

B = q·A − (1 + q)·δ

q ०.९ आणि δ १ सेंटिमीटर धरू. आयाम १०० असताना एका अर्धफेरीत ११.९ ची घट होते, त्यातले १० श्यान विरोधाचे. आयाम ४ वर आला की घट २.३ ची, त्यातले फक्त ०.४ श्यान विरोधाचे. सुरुवातीला चित्र घातांकी दिसते, शेवटी सूत्रे कोरड्या घर्षणाच्या हाती जातात. घर्षण कितीही क्षीण असले तरी आयाम पुरेसा लहान झाल्यावर तेच वरचढ ठरते, कारण बाकीचे विरोध वेगाबरोबर विरून जातात आणि ते विरत नाही. दोलकाचा शेवट कसा होणार हे मोठ्या आयामाच्या मोजमापावरून ठरवणे म्हणूनच धोक्याचे असते.

हे सूत्र प्रयोगशाळेत फार उपयोगी पडते. वळणांच्या जागा मोजायच्या, लागोपाठच्या दोन आयामांतला फरक काढायचा, आणि तो फरक आयामासमोर आलेखावर मांडायचा. बिंदू सरळ रेषेवर येतात. रेषा आडवी असेल तर विरोध निव्वळ कोरडा. ती आरंभबिंदूतून जात असेल तर निव्वळ श्यान. उभ्या अक्षाला वर कुठेतरी छेदत असेल तर छेद कोरड्या घर्षणाचा वाटा सांगतो आणि उतार श्यान विरोधाचा. रेषा वाकडी आली तर तिसरेच काही आहे असे समजावे. मोठ्या आयामाला ती वर वळली तर वेगाच्या वर्गाचा विरोध, लहान आयामाला वर उचलली गेली तर मंद वेगात वाढणारे घर्षण, जे वंगण लावलेल्या पृष्ठभागांत नेहमी आढळते.

या शेवटच्या प्रकारात घर्षण स्थिर नसते, म्हणून वेळेसमोर मांडलेली आयामाची रेषा शेवटी आणखी खाली वाकते आणि अंकगणिती श्रेढी काटेकोर राहत नाही. मर्यादित वेळेत थांबणे मात्र टिकते. वेग शून्याकडे जाताना घर्षण शून्यावर येत नाही, ठराविक बलावर येऊन उभे राहते, एवढी एकच गोष्ट त्याला पुरते.

७. संगणकाची दिशाभूल

इथे कुणी म्हणेल, समीकरण संगणकाला द्यावे, तुकडे कशाला पाडायचे? कारण संगणक नेमका वळणावर चुकतो. वेळेचा एक मिलिसेकंदाचा ठराविक टप्पा घेऊन साधी पद्धत वापरली, तर थांबलेल्या ठोकळ्याला प्रत्येक टप्प्याला घर्षणाचा पूर्ण धक्का एकदा इकडून, एकदा तिकडून बसत राहतो. आपल्या ठोकळ्याला घर्षण १ मीटर प्रति सेकंद वर्ग इतके त्वरण देते, म्हणून वेग थरथरत राहतो आणि ही थरथर सेकंदाला एक मिलिमीटरच्या घरात असते. आलेखात ती दिसली की ती घर्षणाची नसून पद्धतीची खूण आहे, हे ओळखावे.

ही थरथर टाळायला घर्षणाची उडी गुळगुळीत वक्ररेषेने बदलण्याची रीत आहे. चित्र सुरेख येते, पण भौतिकी बदलते. सेकंदाला एक मिलिमीटर या वेगापाशी उडी गुळगुळीत केली, तर त्याखालच्या वेगांना घर्षण दाट श्यान विरोधासारखे वागते. १.५७ सेकंदांनी ०.६ सेंटिमीटरवर थांबायला हवा होता तो ठोकळा मग मूळ बिंदूकडे सरपटू लागतो आणि साधारण दहा सेकंदांत २ मिलिमीटरच्या आसपास पोहोचतो. थांबण्याचा पट्टाच नाहीसा झाला. थांबण्याची जागा हाच ज्या कामात प्रश्न असेल, तिथे हे उत्तर निरुपयोगी आहे. वळणाचा क्षण अचूक शोधणे, तिथे |x| ≤ δ ही अट तपासणे आणि मगच पुढचा तुकडा सुरू करणे, हीच योग्य रीत. म्हणजे कंपासने केले तेच.

८. पट्टा प्रत्यक्षात कुठे भेटतो

ज्या माणसाच्या नावाने हे घर्षण ओळखले जाते त्यानेच ते टाळण्यासाठी मोठी खटपट केली होती. होकायंत्राची सुई टोकदार खिळीवर तोललेली असे, आणि खिळीच्या घर्षणामुळे ती उत्तरेच्या थोडी अलीकडे किंवा पलीकडे अडकून राही. सुईला उत्तरेकडे वळवणारे बल दुबळे, म्हणजे k लहान, म्हणून δ मोठा. कूलोमने सुई खिळीऐवजी रेशमाच्या धाग्याने टांगली. धाग्याला पीळ बसतो, पण त्यात घासणारे पृष्ठभाग नसतात. या कामासाठी १७७७ साली अकादमीचे पारितोषिक त्याला विभागून मिळाले, आणि टांगलेल्या तारेच्या पिळावर चालणारी त्याची प्रसिद्ध तुला याच वाटेने पुढे आली. हवेचा दाब दाखवणाऱ्या धातूच्या डबीच्या वायुभारमापकावर वाचनाआधी हलकेच टिचकी मारतात, तीही याच पट्ट्यापायी. टिचकीच्या कंपनाने क्षणभर पकड सुटते आणि काटा पट्ट्याच्या आत सरकतो.

भूकंपरोधक इमारतींत हाच पट्टा जाणूनबुजून पत्करलेला असतो. सॅन फ्रान्सिस्को विमानतळाचे आंतरराष्ट्रीय टर्मिनल वाटीसारख्या अंतर्गोल पृष्ठभागावर सरकणाऱ्या आधारांवर उभे आहे. जमीन हादरली की इमारत वाटीत सरकते, घर्षण ऊर्जा खाते आणि वाटीचा चढ तिला मध्याकडे आणतो. वाटीची त्रिज्या R असेल तर परत आणणारा स्थिरांक वजन भागिले R, आणि घर्षण म्हणजे घर्षणांक गुणिले वजन. भागाकारात वजन निघून जाते:

δ = μ·R

त्रिज्या २ मीटर आणि घर्षणांक ०.०५ धरला तर पट्टा दोन्ही बाजूंना १० सेंटिमीटरचा येतो. इमारत एक मजली असो की दहा मजली, आकडा तोच. भूकंपानंतर इमारत मूळ जागेपासून काही सेंटिमीटर दूर उभी राहू शकते, म्हणून नळ, केबली आणि जिने जोडताना ही मोकळीक आधीच ठेवावी लागते. घातांकी चित्रावर विसंबणारा अभियंता असे अंतर शून्य धरेल.

भारतीय रेल्वेच्या मालगाड्यांतही हा हिशेब रोज घडतो. कोळसा वाहणाऱ्या बॉक्सएन वाघिणीच्या कॅसनब बोगीत तेलाचे दमक नसतात. स्प्रिंगांनी दाबलेल्या पाचरी घासतात आणि त्याच दोलन आवरतात. रिकामी वाघीण साधारण साडेबावीस टनांची, भरलेली ८१ टनांची. भरलेल्या वाघिणीला पुरेल इतके घर्षण कायम ठेवले, तर रिकाम्या वाघिणीत ते तिच्या वजनाच्या मानाने इतके जबर ठरेल की रुळाच्या बहुतेक धक्क्यांना पाचरी सुटणारच नाहीत आणि स्प्रिंगा असून नसल्यासारख्या होतील. म्हणून पाचरींखालची स्प्रिंगही भाराबरोबर दबेल अशी रचना केलेली असते. वजन वाढले की घर्षण वाढते, वजन उतरले की कमी होते.

या सगळ्यात असे काही नाही जे बारावीच्या विद्यार्थ्याला समजणार नाही. सरल आवर्त गती त्याने शिकलेली असते, घर्षण शिकलेले असते, वर्गांच्या फरकाचे अवयव तर आठवीतच येऊन गेलेले असतात. तरीही घर्षणाचा धडा एका प्रकरणात आणि दोलनाचा दुसऱ्यात राहतो, आणि दोन्ही एकत्र येतात तिथे घातांकी चित्र दाखवून वेळ निभावली जाते. भौतिकीच्या शिक्षकांनी एका तासिकेपुरता तरी हा ठोकळा टेबलावर ठेवावा, मोबाइलवर त्याचे चित्रण करावे, मुलांना वळणांच्या जागा पट्टीने मोजायला लावाव्यात आणि लागोपाठच्या आकड्यांची वजाबाकी व भागाकार दोन्ही करून घ्यावेत. कोणता आकडा स्थिर राहतो हे मुलांनीच सांगावे.